वर्ग नको, जोड्या मोजा

बियाण्याची उगवणक्षमता तपासताना प्रयोगशाळेत साधारणपणे ४०० बिया घेतात आणि शंभर-शंभरच्या गटांनी उगवायला ठेवतात. समजा, वाण चांगले आहे आणि प्रत्येक बी उगवण्याची शक्यता ०.९ आहे. मग शंभरांतून सरासरी ९० बिया उगवणार, हे कुणीही तोंडी सांगेल. पण एका ट्रेमध्ये ८७ उगवल्या आणि शेजारच्या ट्रेमध्ये ९३, तर त्यात काही बिघडले आहे का? की एवढा फरक चालायचाच? त्यासाठी सरासरी कळून भागत नाही. सरासरीच्या आजूबाजूला आकडे किती पसरतात, हे कळावे लागते.

या पसाऱ्याचे माप म्हणजे प्रचरण, कॉलेजच्या बोलीत व्हेरिअन्स. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते काढायचे, त्याचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी घ्यायची. त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. व्याख्या सोपी आहे, पण शंभर बियांसाठी ती थेट वापरायला गेलो, तर ० पासून १०० पर्यंतच्या प्रत्येक आकड्याची संभाव्यता लागते, तिला वर्गाने गुणावे लागते आणि मग १०१ पदांची बेरीज करावी लागते. पुस्तकात शेवटी np(1−p) असे सुटसुटीत सूत्र येते खरे, पण मधली दोन पाने बीजगणित पाठ करण्यात जातात आणि सूत्र तसे का, हे कळत नाही ते नाहीच.

याला एक आडवाट आहे. वर्गाच्या नादाला लागायचे नाही, जोड्या मोजायच्या.

ट्रेमधल्या जोड्या

ट्रेमध्ये ९० बिया उगवल्या आहेत. त्यांतली एक पहिली म्हणून निवडा आणि उरलेल्यांतली एक दुसरी म्हणून. पहिलीसाठी ९० पर्याय, दुसरीसाठी ८९. म्हणजे उगवलेल्या बियांच्या क्रमवार जोड्या ९० × ८९ = ८,०१०. उगवलेल्या बियांची संख्या X धरली, तर जोड्यांची संख्या X(X−1) होते. या राशीच्या सरासरीला संख्याशास्त्रात दुसरे क्रमगुणित परिबल म्हणतात. तिसरे परिबल हवे असेल तर X(X−1)(X−2), म्हणजे त्रिकुटे मोजायची. नाव जड असले, तरी काम मोजणीचेच आहे.

आता हीच सरासरी दुसऱ्या बाजूने काढू. ट्रेमध्ये एकूण १०० बिया आहेत, म्हणजे बियांच्या क्रमवार जोड्या १०० × ९९ = ९,९००. कोणतीही एक जोडी घ्या. तिच्यातल्या दोन्ही बिया उगवण्याची संभाव्यता ०.९ × ०.९ = ०.८१. सर्व जोड्यांसाठी ती सारखीच. तेव्हा उगवलेल्या जोड्यांची सरासरी ९,९०० × ०.८१ = ८,०१९. झाले. कुठेही १०१ पदांची बेरीज नाही. किती बिया उगवण्याची संभाव्यता किती, हे एकदाही विचारावे लागले नाही.

पण वर आपल्याला ८,०१० मिळाले होते आणि इथे ८,०१९. हा ९ चा फरक कुठून आला? इथेच सगळी गंमत आहे. ८,०१० ही बरोबर ९० बिया उगवल्या तर मिळणारी जोड्यांची संख्या आहे. ८,०१९ ही अनेक ट्रे पाहिले तर मिळणारी जोड्यांची सरासरी आहे. दोन ट्रे घ्या, एकात ८७ आणि एकात ९३. सरासरी ९०च. पण ८७ बियांच्या जोड्या ८७ × ८६ = ७,४८२ आणि ९३ बियांच्या ९३ × ९२ = ८,५५६. यांची सरासरी ८,०१९. तीन बिया जास्त उगवल्या की जोड्यांत जी भर पडते, ती तीन बिया कमी उगवल्याने होणाऱ्या घटीपेक्षा थोडी मोठी असते. आकडे जेवढे पसरतील, तेवढी जोड्यांची सरासरी वर सरकते, आणि ती नेमकी प्रचरणाएवढीच सरकते. म्हणून शंभर बियांच्या ट्रेचे प्रचरण ८,०१९ − ८,०१० = ९ आणि प्रमाण विचलन ३. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले: ८७ आणि ९३ हे दोन्ही आकडे सरासरीपासून एकेका प्रमाण विचलनावर आहेत. एवढा फरक नेहमीचाच.

हेच सूत्रात मांडायचे, तर सरासरीला m म्हणू:

प्रचरण = X(X−1) ची सरासरी + m − m²

बियांसाठी ८,०१९ + ९० − ८,१०० = ९. आकड्यांऐवजी n आणि p ठेवले की n(n−1)p² + np − n²p², म्हणजेच np(1−p). पुस्तकातले सूत्र दोन ओळींत हाती येते.

ज्यांना बीजगणिताच्या वाटेने जायचे आहे, त्यांनाही इथेच सोपे पडते. द्विपद वितरणाच्या प्रत्येक पदाच्या छेदात k! असतो. त्याला k² ने गुणले, तर एक k छेदातल्या k शी कटतो आणि दुसरा शिल्लक राहून त्रास देतो. k(k−1) ने गुणले, तर दोन्ही अवयव कटतात, छेदात (k−2)! उरतो आणि बाकीची बेरीज पुन्हा एक पूर्ण द्विपद विस्तार होऊन १ वर येते. वर्ग हा क्रमगुणिताशी जुळत नाही, k(k−1) जुळतो. कारण तो क्रमगुणिताचाच तुकडा आहे.

या वाटेवर दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, m मिळवायचे राहून जाते. तसे झाले तर ८,०१९ − ८,१०० = −८१ येते. प्रचरण ऋण असूच शकत नाही, तेव्हा चूक लगेच उघडी पडते. दुसरे, जोड्या क्रमवार आहेत हे विसरून जोड्यांची संख्या निम्मी घेतली जाते. तेव्हाही उत्तर उणे चार हजारांच्या घरात जाते. दोन्ही चुका उत्तराचे चिन्ह पाहिले की ओळखू येतात.

p × p कुठून आले?

वरच्या हिशोबात एकच गृहीतक खरे वजनदार आहे: जोडीतल्या दोन्ही बिया उगवण्याची संभाव्यता p². म्हणजे एक बी उगवली की नाही, याचा दुसरीवर काहीही परिणाम नाही. पण सगळ्या बिया एकाच ट्रेमध्ये आहेत. ट्रेला ओल कमी-जास्त झाली किंवा बुरशी लागली, तर त्या ट्रेमधल्या सगळ्यांनाच फटका बसतो.

समजा, प्रत्येक बी उगवण्याची शक्यता ०.९ च आहे, पण या संबंधामुळे जोडी उगवण्याची शक्यता ०.८१ ऐवजी ०.८१२ झाली. फरक दोन सहस्रांशांचा. एका जोडीकडे पाहून तो कुणाला कळणारही नाही. पण जोड्या ९,९०० आहेत. ९,९०० × ०.८१२ = ८,०३८.८. प्रचरण ९ वरून २८.८ वर गेले, म्हणजे तिप्पट झाले. प्रमाण विचलन ३ होते, ते जवळजवळ ५.४ झाले. सरासरी मात्र तीच, ९०.

np(1−p) हे सूत्र नुसते पाठ असेल, तर ही गोष्ट दिसत नाही. सूत्रात जोडी कुठेच नाही. जोड्यांच्या वाटेने आलेल्याला ठाऊक असते की स्वातंत्र्याचे गृहीतक नेमके कुठे वापरले, आणि ते ढळले तर हिशोब कुठे व किती बिघडेल.

क्वचित घडणाऱ्या गोष्टी

आता p अगदी लहान करू आणि n खूप मोठा. समजा, १,००,००० माणसांत प्रत्येकाला एखादा अपघात होण्याची वर्षभरातली शक्यता ०.००००३ आहे. सरासरी अपघात ३. जोड्यांची सरासरी n(n−1)p² काढली, तर ती ९ पेक्षा फक्त ०.००००९ ने कमी भरते. म्हणजे व्यवहारात ती सरासरीच्या वर्गाएवढीच. n आणखी वाढवला आणि सरासरी तीच ठेवली, तर हा किरकोळ फरकही नाहीसा होतो.

या टोकाला जे वितरण मिळते, त्याला फ्रेंच गणिती सिमेओं देनी प्वासाँ यांचे नाव आहे. न्यायालयीन निकालांच्या संभाव्यतेवरच्या १८३७ च्या ग्रंथात त्यांनी ते मांडले. त्याची सरासरी λ असेल, तर जोड्यांची सरासरी λ², त्रिकुटांची λ³, चौकड्यांची λ⁴. इतकी नीटस मालिका साध्या वर्ग-घनांच्या सरासऱ्यांत मिळत नाही. आणि प्रचरण? λ² + λ − λ² = λ. सरासरी आणि प्रचरण एकच.

याचा उपयोग असा की n आणि p दोन्ही माहीत नसले तरी चालते. एखाद्या ठिकाणी वर्षाला सरासरी १०० घटना नोंदल्या जात असतील आणि त्या खरोखर एकमेकींशी संबंध नसलेल्या, क्वचित घडणाऱ्या असतील, तर प्रचरण १०० आणि प्रमाण विचलन १०. पुढच्या वर्षी ११० झाल्या म्हणून कुणाला धारेवर धरण्याचे कारण नाही. १४० झाल्या तर मात्र चौकशी करायला हवी.

घोड्यांच्या लाथा

हा नियम खऱ्या नोंदींवर पारखण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांच्या १८९८ च्या पुस्तकात आहे. प्रशियन सैन्याच्या १४ कोअरमध्ये १८७५ ते १८९४ या २० वर्षांत घोड्याची लाथ बसून किती सैनिक दगावले, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. त्यांतल्या चार कोअरची रचना इतरांहून वेगळी होती, म्हणून त्या बाजूला ठेवल्या. उरल्या १० कोअर, २० वर्षे, म्हणजे २०० नोंदी. त्यांवर आपण जोड्यांचा हिशोब करू.

| वर्षभरातले मृत्यू (x) | अशा नोंदी | x(x−1) | नोंदी × x(x−1) |
|---|---|---|---|
| ० | १०९ | ० | ० |
| १ | ६५ | ० | ० |
| २ | २२ | २ | ४४ |
| ३ | ३ | ६ | १८ |
| ४ | १ | १२ | १२ |

एकूण मृत्यू १२२, म्हणून सरासरी १२२ ÷ २०० = ०.६१. शेवटच्या रकान्याची बेरीज ७४, म्हणून जोड्यांची सरासरी ७४ ÷ २०० = ०.३७. हिशोब किती थोडा आहे पाहा. २०० पैकी १७४ नोंदींत जोडीच होत नाही, त्यामुळे त्या आपोआप गळतात. क्वचित घडणाऱ्या घटनांच्या तक्त्यात असे नेहमीच होते. काम उरते ते शेवटच्या दोन-तीन ओळींचे.

प्वासाँचा नियम लागू असेल, तर जोड्यांची सरासरी ०.६१ चा वर्ग, म्हणजे ०.३७२१ हवी. मिळाली ०.३७. प्रचरण ०.३७ + ०.६१ − ०.३७२१ = ०.६०७९, म्हणजे सरासरीशी जवळजवळ एकरूप. त्रिकुटेही पाहू: तीन मृत्यूंच्या नोंदीत ६ त्रिकुटे, चारच्या नोंदीत २४. एकूण ३ × ६ + २४ = ४२, सरासरी ०.२१. नियमाप्रमाणे हवी ०.२२७. त्रिकुटांचा आकडा अवघ्या चार नोंदींवर उभा आहे, हे ध्यानात घेतले तर हेही चांगलेच जुळते.

आता वगळलेल्या चार कोअर परत आत घेऊ. नोंदी होतात २८०. शून्य मृत्यू १४४ वेळा, एक ९१ वेळा, दोन ३२ वेळा, तीन ११ वेळा, चार २ वेळा. एकूण मृत्यू १९६, सरासरी ०.७. जोड्या ६४ + ६६ + २४ = १५४, सरासरी ०.५५. सरासरीचा वर्ग ०.४९. या वेळी जोड्या जास्त भरल्या. प्रचरण ०.५५ + ०.७ − ०.४९ = ०.७६, सरासरीपेक्षा वर.

जोड्या जास्त का व्हाव्यात? घोडे ठरवून लाथा मारत नाहीत. पण कोअर सारख्या नसतील, तर एवढे पुरेसे आहे. समजा, निम्म्या कोअरमध्ये सरासरी ०.४ मृत्यू आणि निम्म्यांत १.० होतात. एकत्र सरासरी ०.७ च. पण जोड्यांची सरासरी ०.१६ आणि १ यांच्या मधोमध, म्हणजे ०.५८. ती ०.४९ पेक्षा ०.०९ ने जास्त आणि प्रचरण ०.७९. ८७ आणि ९३ च्या ट्रेमध्ये जे घडले तेच इथे घडते: असमान गट एकत्र केले की जोड्या वाढतात. म्हणून सरासरीपेक्षा प्रचरण मोठे आले, तर दोनच गोष्टींचा शोध घ्यावा लागतो. गट मुळात असमान आहेत का? की एक घटना दुसरीला ओढून आणते, जसे साथीच्या रोगात एक रुग्ण दुसऱ्याला आजारी करतो?

घाईने निकाल नको

इथे एक सावधगिरी फार गरजेची आहे. ०.७ आणि ०.७६ हे आकडे पाहून “बघा, कोअर असमान होत्या हे सिद्ध झाले” असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणता येत नाही. प्रचरण स्वतःच थोड्या नोंदींवरून काढलेले असते आणि तेही डळमळते. प्वासाँचा नियम पूर्ण खरा असला, तरी प्रचरण भागिले सरासरी हे गुणोत्तर नेमके १ येत नाही. N नोंदी असतील, तर ते १ च्या आजूबाजूला साधारण 2/(N−1) च्या वर्गमूळाएवढे हलते. २८० नोंदींसाठी हे वर्गमूळ सुमारे ०.०८५ आहे. आपले गुणोत्तर ०.७६ ÷ ०.७ = १.०८६. म्हणजे जेमतेम एका प्रमाण विचलनाचा फरक. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०० नोंदींच्या तक्त्यात हेच गुणोत्तर ०.९९७ आले. तिथे योगायोगाची हालचाल सुमारे ०.१ आहे. म्हणजे नियम खरा असूनही ०.९ किंवा १.१ सहज आले असते. इतके तंतोतंत जुळणे हा काही अंशी नशिबाचा भाग आहे, आणि असेच प्रत्येक तक्त्यात जुळेल ही अपेक्षा चुकीची आहे. बोर्टकिएविच यांनी चार कोअर वगळल्या, त्याला आधार होता तो त्यांच्या वेगळ्या रचनेचा, आकडे जुळत नाहीत हा नव्हे. हा क्रम महत्त्वाचा. न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकून उरलेल्या जुळल्या म्हणणे हे संख्याशास्त्र नाही.

जोड्यांच्या युक्तीची हद्दही ठरलेली आहे. ती पूर्णांकात मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी आहे: उगवलेल्या बिया, मृत्यू, अपघात, छपाईच्या चुका. उंची, वजन, पाऊस यांना जोड्या नसतात, तिथे वर्गांचीच वाट धरावी. आणि मोजणीचे आकडे फार मोठे असतील, नोंदीमागे हजारांत, तर तक्ता हाताने सोडवण्यात काही वाचत नाही, कारण एकही ओळ गळत नाही.

शिक्षकांना आणि बारावी-बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते की np(1−p) आणि λ ही सूत्रे पाठ करण्याआधी एकदा जोड्या मोजून ती मिळवा. आणि ज्यांच्या हाती दरमहा किंवा दरवर्षी मोजलेल्या घटनांचा तक्ता येतो, त्यांनी त्यात x(x−1) चा एक जादा रकाना घालावा. त्याची सरासरी मूळ सरासरीच्या वर्गाच्या आसपास असेल, तर एखाद्या वर्षाच्या चढ-उताराला कारण चिकटवू नये. ती नोंदींच्या संख्येच्या मानाने बरीच जास्त असेल, तर आधी गट समान होते का ते तपासावे, आणि मगच कुणाला जाब विचारावा.